उडी तशीच राहते, पाया आटतो

“मोनोटोन फलनाची इंटिग्रेबिलिटी चार ओळींत! (१) मोनोटोन फलन मोजक्याच बिंदूंवर तुटते, म्हणून ते इंटिग्रेबल असतेच. (२) अपर सम आणि लोअर सम लिहायचेच असतील, तर पार्टिशन बारीक करा. प्रत्येक M − m शून्याकडे जातो, म्हणून बेरीजही शून्याकडे जाते. (३) पार्टिशन समान भागांचेच घ्यावे लागते. (४) 1/x मोनोटोन असूनही इंटिग्रेबल नाही, म्हणजे प्रमेयाला अपवाद आहेत.”

हा मजकूर गेले काही दिवस विद्यार्थ्यांच्या गटांतून फिरत होता आणि मी त्याकडे दुर्लक्ष करत होतो. परवा माझ्या पुतणीने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, “काका, पेपरात असंच लिहिलं तर चालेल ना?” चालणार नाही. का चालणार नाही, ते तिला फोनवर सांगून झाले. इथे नीट लिहून ठेवतो. प्रमेय एवढेच आहे: बंद अंतराळ [a, b] वर मोनोटोन, म्हणजे कुठेही न घटणारे किंवा कुठेही न वाढणारे, फलन इंटिग्रेबल असते.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. त्याचे उत्तर सिद्धतेसारखे दिसते आणि त्यात सिद्धता मात्र नसते. एक ठोस फलन घेऊ. f(0) = 0 माना, आणि x हा 1/(k+1) पेक्षा मोठा पण 1/k पेक्षा मोठा नसेल, तेव्हा f(x) = 1/k माना. हा [0, 1] वरचा एक जिना आहे: १/२ च्या पुढे १ पर्यंत उंची १, १/३ च्या पुढे १/२ पर्यंत उंची १/२, आणि शून्याकडे जाताना पायऱ्या बारीक होत जातात. फलन कुठेही घटत नाही. आता [0, 1] चे दहा समान भाग करा. फलन न घटणारे असल्यामुळे प्रत्येक भागातली सर्वांत लहान किंमत m डाव्या टोकाला आणि सर्वांत मोठी किंमत M उजव्या टोकालाच मिळते. मोनोटोन असण्याचा उपयोग होतो तो इथे, आणि संततता कुठेही लागत नाही. सहावा भाग [0.5, 0.6] पाहा: डाव्या टोकाला १/२, उजव्या टोकाला १, म्हणजे M − m = 0.5. हजार भाग केले तरी [0.500, 0.501] या भागात फरक 0.5 च राहतो. लाख भाग करा, तरी १/२ पासून सुरू होणाऱ्या भागात तो तेवढाच राहील. उडी बारीक होत नाही. पार्टिशनची तिच्यावर काही सत्ताच नाही.

बरे, उडी नसलेले फलन घेतले तरी हा युक्तिवाद टिकत नाही. f(x) = x साठी [0, 1] चे n समान भाग केले की प्रत्येक फरक 1/n असतो आणि तो खरोखर शून्याकडे जातो; पण असे फरक n आहेत, म्हणून त्यांची बेरीज कायम १ राहते. प्रत्येक पद लहान होते म्हणून बेरीज लहान होते, हे वाक्य पदांची संख्या वाढत असताना लिहिणे म्हणजे सरळ गुण घालवणे आहे.

मग शून्याकडे काय जाते? भागाची रुंदी. जिन्याच्या दहा भागांतले फरक क्रमाने लिहून पाहा: 0.1, 0.1, 0.1333, 0.1667, 0, 0.5, आणि पुढे चार शून्ये. बेरीज १. हे योगायोगाने घडलेले नाही. प्रत्येक भागाचे उजवे टोक हेच पुढच्या भागाचे डावे टोक असते, त्यामुळे मधल्या सगळ्या किमती एकमेकींना खाऊन टाकतात आणि f(1) − f(0) एवढेच उरते. अपर सम U(P, f) म्हणजे प्रत्येक भागाची M गुणिले रुंदी यांची बेरीज, आणि लोअर सम L(P, f) म्हणजे m घेऊन केलेली तशीच बेरीज; म्हणून U(P, f) − L(P, f) = (1/10) × 1 = 0.1. प्रत्यक्ष आकडेही तसेच येतात: लोअर सम 0.5633, अपर सम 0.6633. या फलनाचे इंटिग्रल π²/6 − 1, म्हणजे सुमारे 0.6449 आहे, आणि ते बरोबर या दोहोंच्या मध्ये बसते. शंभर भाग केले की फरक 0.01 होतो. उंचीतल्या सगळ्या वाढींची बेरीज आधीच ठरलेली असते, आणि तिला गुणणारी रुंदी आपल्या हातात असते. सिद्धतेचा सगळा जीव एवढ्यात आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. भाग असमान असतील, तर त्यांतल्या सर्वांत रुंद भागाची रुंदी δ माना. प्रत्येक रुंदीच्या जागी δ लिहिला की बेरीज वाढेल किंवा तेवढीच राहील, कारण एकही फरक ऋण नाही. म्हणून U − L ≤ δ (f(b) − f(a)). दिलेल्या ε साठी δ हा ε / (f(b) − f(a) + 1) पेक्षा लहान ठेवला की काम झाले. छेदातला + 1 शोभेचा नाही. फलन स्थिर असेल तर f(b) − f(a) शून्य होते आणि त्याने भागता येत नाही. घटत्या फलनासाठी टोकांची अदलाबदल करावी, बाकी सगळे तेच. यात नवे काही नाही. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या (१६८७) पहिल्या खंडातला दुसरा लेमा समान रुंदीच्या पट्ट्यांसाठी आणि तिसरा असमान रुंदीच्या पट्ट्यांसाठी हेच सांगतो. आकृतीत एकाच दिशेने उतरणारी वक्ररेषा आहे; तिच्या आतले आणि बाहेरचे आयत यांच्या फरकाचे तुकडे आडवे सरकवून एकाच पट्टीत रचले की एका पट्टीच्या रुंदीचा आणि पूर्ण उंचीचा एक आयत तयार होतो. रीमानची इंटिग्रलची व्याख्या १८५४ ची आहे. म्हणजे ‘समान भागच हवेत’ या गैरसमजाचे उत्तर त्या व्याख्येच्याही १६७ वर्षे आधी छापलेले होते.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मर्यादित फलन मोजक्या, म्हणजे सांत संख्येच्या, बिंदूंवर तुटत असेल तर ते इंटिग्रेबल असते, हे खरे. पण मोनोटोन फलन मोजक्याच बिंदूंवर तुटते, हे कोणी सांगितले? वरचा जिना 1/2, 1/3, 1/4 अशा अनंत बिंदूंवर तुटतो. 0 आणि 1 यांच्यामधल्या परिमेय संख्यांची यादी करून n-व्या संख्येवर 2⁻ⁿ एवढी उडी ठेवली, तर फलन त्यांतल्या प्रत्येक परिमेय बिंदूवर तुटते आणि तरीही मोनोटोन राहते. उड्या गणनीय असतात एवढे मात्र खरे, कारण 1/k पेक्षा मोठ्या उड्या k (f(b) − f(a)) पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. त्यापुढे लेबेगचे प्रमेय लावून उत्तर मिळते, पण दोन ओळींच्या बेरजेसाठी तेवढे मोठे प्रमेय कशाला ओढून आणायचे?

राहिला 1/x. प्रमेय बंद अंतराळ [a, b] बद्दल आहे आणि फलनाला दोन्ही टोकांना किंमत असावी लागते. [0, 1] वर f(0) ला c ही कोणतीही किंमत द्या. फलन घटते राहायचे तर c प्रत्येक 1/x पेक्षा मोठा किंवा त्याएवढा हवा, आणि असा c नाही. म्हणजे [0, 1] वर ते मोनोटोनच उरत नाही, मग अपवाद कसला? [0.01, 1] वर मात्र प्रमेय बिनतक्रार लागू होते: उंचीतला फरक ९९, लांबी 0.99, म्हणून n समान भागांसाठी U − L = 98.01/n. फरक 0.01 च्या खाली आणायला ९८०२ भाग लागतात.