वार्ताहर व्हायचंय? आधी वसुलीची सवय करा

अभिनंदन! तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर व्हायचं, किंवा गेला बाजार मराठीत छोटे लेख लिहून चार पैसे सुटतात का बघायचं, असं तुमच्या मनात आलंय. घरच्यांना अजून सांगितलं नसेल तर सांगूही नका. मी या धंद्यात मुरलेला माणूस. गेल्या महिन्यात मानधनाऐवजी कार्यालयातून मला खातेउतारा आला आणि त्यात मीच दैनिकाचं देणं लागतो असं निघालं. तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार माझ्याइतका कुणाला असणार?

पहिलं पथ्य: पैशांचं विचारू नका. "मानधन किती?" म्हटलंत की पलीकडचा आवाज एकदम थंड पडतो. "आधी काम तर बघू तुमचं." काम बघून होईस्तोवर दिवाळी अंक निघून जातो.

छोट्या लेखांचा हिशोब मात्र फार सुबक असतो, तो शिकून घ्या. समजा पंचवीस पैसे शब्द ठरला. चारशे शब्दांचे शंभर रुपये. त्यासाठी तुम्ही कृषी सहायकाला चार फोन केलेत, शेतावर जाऊन फोटो काढलात, आकडे दोनदा तपासलेत. डेस्कवर त्याचे दोनशे ऐंशी शब्द झाले. पैसे छापून आलेल्या शब्दांचेच मिळतात, म्हणजे सत्तर रुपये. त्यातही खात्यात हजार जमल्याशिवाय रक्कम सोडत नाहीत, म्हणजे पंधरावा लेख लागेपर्यंत एक रुपया हाती नाही. मग दहा टक्के टीडीएस कापतात. कापलेला कर आपल्या पॅनवर जमा झाला का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. पण तुम्ही बघू नका. संशय घेतल्यासारखं दिसतं.

पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवा. नातवंडांना दाखवायला होतील.

टीव्हीचे स्ट्रिंगर होणार असाल तर अपघातस्थळी रात्री दोनला पोहोचा, व्हिज्युअल पाठवा, बाइट पाठवा. स्टोरी ड्रॉप झाली तर पैसेही ड्रॉप.

आता मुख्य विषय. तुम्हाला वाटत असेल की वार्ताहराचं काम बातमी देणं. वाटू द्या, वय लहान आहे. बातमी हा जोडधंदा. खरं काम वर्धापनदिनाची पुरवणी. जिल्हा कार्यालयात बैठक होते, चहा-बिस्किटं येतात आणि प्रत्येक तालुक्याला जाहिरातींचं टार्गेट मिळतं. मग तुम्ही पतसंस्था, शाळा, सरपंच, सराफ असे उंबरे झिजवत फिरता. ज्या ग्रामसेवकाच्या कारभाराची बातमी गेल्या आठवड्यात दिलीत, त्याच्याचकडे या आठवड्यात शुभेच्छांची जाहिरात मागायची. तोही हसून देतो, कारण पुढची बातमी येणार नाही हे त्याला कळलेलं असतं. याला स्वतंत्र पत्रकारिता म्हणतात!

माझ्याकडे एका भावी नगरसेवकाची जाहिरात आली. चार कॉलम, वीस सेंटीमीटर उंच, म्हणजे ऐंशी कॉलम सेंटीमीटर. दर दीडशे रुपये. झाले बारा हजार, त्यावर पाच टक्के जीएसटीचे सहाशे. बिल १२,६००. माझं कमिशन पंधरा टक्के, म्हणजे अठराशे, तेही वसुली झाल्यावर. साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली अठरा कार्यकर्त्यांचे गोल गोल चेहरे. एका चेहऱ्याखाली नाव चुकलं, तर शिव्या मीच खाल्ल्या.

पुढे साहेब पडले. पडलेला उमेदवार फोन उचलत नाही, हे निसर्गनियमाला धरूनच आहे. घरी गेलो तर वहिनींनी सांगितलं, "ते देवदर्शनाला गेलेत." पुन्हा गेलो तर गाडी दारात उभी आणि साहेब अजून देवदर्शनालाच. शेवटी बाजारात गाठलं, तर म्हणाले, "अहो, मी कुठे सांगितलं होतं छापा म्हणून? पोरांनी दिली असेल." रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात छापा असं सांगणाऱ्या आरओच्या कागदावर, त्यांची सही नव्हती. ती माझी होती, कारण जाहिरात विभागाचा रात्री नऊला फोन: "पान सोडायचंय, आरओ तुम्हीच सही करून व्हॉट्सॲपला टाका, सगळे तेच करतात."

आणि मग तो खातेउतारा. १२,६०० माझ्या नावे टाकलेले. मानधन महिना दीड हजार, ते वळतं करून घेणार. म्हणजे सव्वाआठ महिन्यांहून जास्त काळ मी या दैनिकासाठी फुकट बातम्या देणार. पाऊस, मोर्चा, उपोषण, तहसीलदारांची बदली, सगळं फुकट. शिवाय बारा हजारांत जी जागा छापली ती दैनिकाची, नफा झाला असता तर दैनिकाचा, बुडाली ती मात्र माझी! वसुली विभागातल्या पगारी माणसाला विचारलं, तर म्हणाला, "दादा, सिस्टीमच तशी आहे." तुझा पगार नाही ना रे कापला सिस्टीमने?

६ जानेवारीला मात्र सगळे गोड बोलतात. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून तो पत्रकार दिन. पंचायत समितीच्या सभागृहात आपल्याला गुलाबपुष्प, डायरी आणि पेन मिळतं. लोकशाहीचा चौथा स्तंभ वगैरे भाषणं होतात. स्तंभाला दुपारच्या जेवणाचं कूपन असतं.

बास झालं. सरळच बोलतो.

मालक लोकहो, जाहिरात हवी असेल तर पगारी माणूस नेमा आणि बुडीत खातं स्वतःच्या ताळेबंदात ठेवा. बातमी आणणाऱ्याच्या खिशातून ते भरून काढता, वर त्याच्याकडून निर्भीड लिखाणाची अपेक्षा करता, याची थोडी तरी लाज बाळगा. आणि संपादक महाशय, हे सगळं तुम्हाला माहीत असतं. "तो जाहिरात विभागाचा विषय आहे" म्हणून हात झटकू नका. तो वार्ताहर तुमचा आहे, पहिल्या पानावरची तालुक्याची बातमी त्याची असते.

आणि नव्याने येणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. ओळखपत्र आणि गाडीवरच्या ‘प्रेस’च्या स्टिकरसाठी फुकट राबायला एक जण तयार असतो, म्हणून दुसऱ्याचं मानधन दीड हजारांवर अडकून राहतं. नाव छापून येतंय यावर भागवू नका, किराणावाला नावावर उधारी देत नाही. बातमीमागे किती, लेखामागे किती, कुठल्या तारखेला, संपादनाआधीचे शब्द धरणार की नंतरचे, हे आधी लेखी घ्या. निदान मेसेजवर घ्या, तोंडी मुळीच नको. आरओवर जाहिरातदाराची सही आणि शिक्का असल्याशिवाय मजकूर पाठवू नका, मग रात्री नऊला कुणाचाही फोन येवो. आणि नेमणुकीच्या कागदात ‘वसुलीची जबाबदारी प्रतिनिधीची’ असं कुठेतरी बारीक अक्षरात असतंच, ती ओळ खोडायला लावा. खोडत नसतील तर सही न करता उठा.