शेअर विकले म्हणजे प्रमोटरपण सुटलं, असं होत नाही

‘प्रमोटर म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त शेअर. शेअर विकून संचालकपदाचा राजीनामा दिला की विषय संपला. हातात शेअर नाहीत तर जबाबदारीही नाही. आणि वडिलांचे शेअर वारसाने आले म्हणून मुलगी काही प्रमोटर होत नाही.’

ठाणे-नवी मुंबईत हा मेसेज सध्या खूप फिरतोय. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या भागात कारखाना असलेल्या छोट्या लिस्टेड कंपन्यांचं सेक्रेटरियल काम मी करतो. या मेसेजवर विसंबून लोक खरोखर सह्या करून मोकळे होतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

पहिला मुद्दा लवकर निकाली निघतो. आयटीसीचा सर्वांत मोठा भागधारक वर्षानुवर्षे ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आहे, पण आयटीसीच्या कागदांवर प्रमोटरचा हिस्सा शून्य आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे नियम टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी बघतात. आयपीओच्या दस्तऐवजात किंवा कंपनीच्या वार्षिक विवरणपत्रात प्रमोटर म्हणून नाव आहे का? कंपनीचा कारभार प्रत्यक्ष किंवा आडून त्या माणसाच्या ताब्यात आहे का? संचालक मंडळ त्याच्या सांगण्यावरून चालतं का? यातली एक गोष्ट लागू पडली तरी पुरे. सीए किंवा वकील केवळ व्यावसायिक म्हणून सल्ला देत असेल, तर तिसरी कसोटी त्याला लावत नाहीत.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र सावकाश बोलावं लागेल, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. एक नमुना घेऊ. वागळे इस्टेटमध्ये दोन मित्रांनी कंपनी काढली, पुढे ती बाजारात आणली. दोघांकडे २४-२४ टक्के. धाकट्या भागीदाराने १९ टक्के म्युच्युअल फंडांना विकले, संचालकपद सोडलं आणि पाचपाखाडीच्या घरी निवृत्त झाला. त्याच्याकडे उरले ५ टक्के, बायकोकडे २. बाहेर पडलो असं तो धरून चालतो. पुढच्या तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर याचा तक्ता, बीएसईच्या साइटवर उघडला, तर प्रमोटरच्या तक्त्यात नवरा-बायको दोघांची नावं जिथल्या तिथे. उरलेले ७ टक्केही त्यांनी विकले असते, तरी नावं तिथेच राहिली असती, फक्त समोर शून्य दिसलं असतं. विक्रीने आकडा बदलतो, वर्ग बदलत नाही.

वर्ग बदलण्याची वाट सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या ३१ए या कलमात आहे. अर्जदार आणि त्याचे संबंधित यांच्याकडे मिळून १० टक्क्यांहून जास्त मतदानाधिकार नकोत. आपल्या भागीदाराचे ७ टक्के आहेत, म्हणजे इथे अडचण नाही. कारभारावर ताबा नको, मंडळावर स्वतः नको आणि आपला प्रतिनिधीही नको, एमडी किंवा सीएफओसारखं पद नको. आणि कोणताही विशेष हक्क नको, लेखी नाही आणि तोंडीही नाही. आपला भागीदार अडकतो तो या शेवटच्या अटीवर. कंपनी लहान होती तेव्हा दोघांनी करार केला होता, त्यात ‘एक संचालक नेमण्याचा हक्क’ असं कलम होतं. तो हक्क त्याने कधी वापरला नाही, पण कलम जिवंत आहे. ते रीतसर रद्द केल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. मी अशी फाइल हातात घेतली की आधी जुना भागधारक करार आणि कंपनीची नियमावली मागवतो, कारण अर्ज अडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

अट कंपनीलाही आहे. किमान २५ टक्के शेअर जनतेकडे हवेत, शेअरचे व्यवहार निलंबित नकोत, सेबी किंवा शेअर बाजाराची थकबाकी नको. कंपनीने दंड थकवला असेल, तर बाहेर पडू पाहणाऱ्याचा अर्जही लटकतो.

पुढचा क्रम असा. भागीदार कंपनीला लेखी विनंती करतो, संचालक मंडळ ती तपासून मत नोंदवतं. डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीनंतर आधी शेअर बाजाराचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं आणि मग विषय भागधारकांच्या सभेत जातो. साधा ठराव पुरतो, पण त्यावर भागीदार आणि त्याची बायको यांना मत देता येत नाही. संबंधितांसह हिस्सा १ टक्क्यापेक्षा कमी असेल, तर सभेची मंजुरी लागत नाही.

एवढं करून मोकळं झाल्यावरही तीन वर्षं त्याने संचालक किंवा मुख्य अधिकारी व्हायचं नाही. दुसऱ्याच वर्षी जुन्या मित्राने ‘अरे, बोर्डावर ये’ म्हटलं आणि हा गेला, तर तो आपोआप पुन्हा प्रमोटर होतो. १० टक्क्यांची मर्यादा, ताबा आणि विशेष हक्क यांच्या अटी तर तीन वर्षांनंतरही कायम लागू राहतात.

जबाबदारीचं म्हणाल, तर ती नावाला चिकटलेली असते. प्रमोटर गटाचे सगळे शेअर डीमॅटमध्येच असावे लागतात, ते तारण ठेवले तर जाहीर करावं लागतं. पण खरा चटका वेगळाच आहे. कंपनीने तिमाही निकाल वेळेत दिले नाहीत की दिवसाला ५,००० रुपये दंड लागतो, आणि तरीही ती ढिम्म राहिली तर प्रमोटरांची डीमॅट खाती गोठवता येतात. त्यात फक्त त्या कंपनीचे नाही, इतर कंपन्यांचे शेअरही अडकतात. सासऱ्यांच्या कंपनीमुळे प्रमोटर म्हणून नोंदल्या गेलेल्या एका डॉक्टरांचं खातं असंच गोठवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये ती कारवाई बेकायदा ठरवली, पण तोवर त्यांची कितीतरी वर्षं त्यात गेली होती. तुमच्या हातात त्या कंपनीचा एकही शेअर नसला आणि नाव तक्त्यात असलं, तरी हा धोका तुम्हाला आहे.

आता मुलीचा मुद्दा. नियम इथे अगदी स्पष्ट आहे. प्रमोटर वारले की त्यांचं नाव आपोआप निघतं, आणि त्यांचे शेअर वारसाने किंवा बक्षीस म्हणून ज्याला मिळतात तो त्याच क्षणी प्रमोटर गटात येतो. त्याची संमती कोणी विचारत नाही.

रबाळ्याच्या एखाद्या कंपनीत वडिलांमागे थोरला भाऊ एमडी आहे, त्याच्याकडे ४१ टक्के. घोडबंदर रोडला राहणाऱ्या बहिणीला अर्धा टक्का आला. तिला कंपनीशी काही घेणंदेणं नाही, नाव काढून हवंय. पण १० टक्के मोजताना ‘संबंधित’ म्हणून नवरा-बायको, आई-वडील, भावंडं, मुलं हे सगळे धरले जातात. म्हणजे तिच्या अर्ध्या टक्क्यात भावाचे ४१ मिळवले जातात आणि भावाचं एमडीपदही तिच्याच आड येतं. तिने शेअर विकले तरी नातं तसंच राहतं. परक्या भागीदाराला सुटता येतं आणि सख्ख्या बहिणीला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. सेबीने वेगळं राहणाऱ्या, स्वतंत्र कमावणाऱ्या भावंडांसाठी इथे दार ठेवायला हवं.

तोवर तिच्यापुढे एक रस्ता आहे. नियमांची कडक अंमलबजावणी शिथिल करण्याचा अधिकार लिस्टिंग नियमांच्या १०२ क्रमांकाच्या कलमाने सेबीला दिला आहे, त्याखाली कंपनीमार्फत अर्ज करायचा. वेगळं घर, वेगळं उत्पन्न, भावाशी कंपनीबाबत कसलाही करार नाही, हे कागदांनिशी दाखवायचं. मंजुरी मिळेलच असं नाही. म्हणून अर्ज पडून असेपर्यंत कंपनीचे निकाल वेळेत लागताहेत का, दंड भरला गेलाय का, हे तिने दर तिमाहीला शेअर बाजाराच्या साइटवर स्वतः बघावं आणि चूक दिसली तर कंपनी सेक्रेटरीला त्याच दिवशी ईमेल करावा.