वर्षातून एकदाच

रिटायर होऊन तीन महिने झाले आणि एका दुपारी बायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही, पेन आणि माझा चष्मा आणून ठेवला. चष्मा तिने स्वतः आणून दिला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवाने कळतं.

"अहो, आपलं भागतंय का ते एकदा बघूया."

मी म्हटलं, भागतंय की. ती म्हणाली, कागदावर दाखवा. खरे आकडे लिहायला मला उगाच धडधडायला लागलं म्हणून तिने युक्ती काढली, महिन्याला जे येतं ते 100 धरायचं. त्यात पेन्शन 70 आणि ठेवींचं व्याज 30. मग मी ऐटीत खर्च सांगायला लागलो, किराणा, वीज, औषधं, फोन, अमुक तमुक, आणि बेरीज आली 78. म्हणजे महिन्याला 22 शिल्लक! मी तर मनातल्या मनात प्रवासाच्या बॅगा भरायलाही घेतल्या.

"मग ते 22 आहेत कुठे?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला अतिशय अन्यायकारक वाटला. पण तिने बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट आधीच काढून ठेवलं होतं (म्हणजे हा सगळा पूर्वनियोजित कट होता) आणि वर्षभरात खात्यातून बाहेर गेलेला पैसा निघाला 1296. बाराने भागलं तर 108. मी दोनदा भागलं, मग मोबाईलवर भागलं, 108 च.

78 आणि 108 मध्ये 30 चा फरक. हे 30 खाल्ले कोणी? मी आधी बँकेवर संशय घेतला, मग तिच्यावर घेणार होतो पण तेवढी अक्कल अजून शाबूत आहे. एकेक नोंद बघत गेलो तर प्रत्येक वेळी माझ्या तोंडून तेच वाक्य. घराची डागडुजी आणि कर, वर्षाला 60, "ते काय, एकदाच." दातांचं काम 48, "दात काय रोज पडतात?" वॉशिंग मशीन बिघडलं, 36, "एकदाच." प्रवास आणि भेटवस्तू 72, "ते तर यंदाच." गाडीचा विमा, सर्व्हिसिंग वगैरे 84. आणि 60 असे, की कशाचे ते दोघांनाही आठवेना. बेरीज 360, बाराने भागून बरोबर 30.

तिने पान उलटून मागच्या वर्षीचं स्टेटमेंट काढलं. दात नव्हते, तर डोळे होते. मशीन नव्हतं, तर फ्रिज होता. म्हणजे वस्तू बदलते, रक्कम साधारण तीच. "एकदाच" हा दरवर्षी येणारा पाहुणा आहे आणि आपण त्याचं ताट कधीच मांडत नाही, असं काहीतरी मी बोललो तर ती म्हणाली, वाक्यं नको, 8 ची तूट कशी भरायची ते सांगा.

तूट 8, आणि समोर गाडीचे 84, म्हणजे महिन्याला 7. आमची गाडी आता आठवड्यातून एकदा चालते, तीही बॅटरी उतरू नये म्हणून. म्हणजे मी गाडी चालवतो ते गाडी चालू राहावी म्हणून, एवढाच तिचा उपयोग. तिने हिशोब मांडला, गाडी विकली तर 7 वाचतात, टॅक्सीला 2 जातील, म्हणजे निव्वळ 5. राहिली तूट 3, ती त्या न आठवणाऱ्या खर्चातून कापायची. आणि ह्या "एकदाच"साठी दर महिन्याला पेन्शन आली की आधी ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची, उरलं तर टाकू असं नाही.

मी म्हटलं, झालं, 100 ला 100! तर ती म्हणाली, यंदा. महागाई 6 टक्के धरली तर पुढच्या वर्षी 106 लागणार आणि माझी पेन्शन ठरलेली, ती काही वाढत नाही. खर्च किती वर्षांत दुप्पट होतो ते काढायला 72 ला महागाईच्या टक्क्यांनी, म्हणजे 6 ने भागायचं, 12 वर्षांत साधारण दुप्पट. म्हणजे सगळं व्याज आजच खायचं नाही, थोडं ठेवीतच परत टाकायचं, नाहीतर मी 73 चा होईन तेव्हा 200 चा खर्च आणि हातात तेच 100. मी गप्प बसून राहिलो. एवढं गणित हिला येतं हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी गाडी विकायचं नक्की झालं. रविवारी एकजण बघायला येणार म्हणून मी सकाळीच खाली गेलो, पुसून चकचकीत केली आणि किल्ली फिरवली. नुसतं टक. ह्या हिशोबाच्या नादात त्या आठवड्यात फेरी मारायची राहिली होती. नवी बॅटरी टाकायलाच लागणार होती.

वर आलो तर बायको वही उघडूनच बसलेली. काही बोलली नाही, फक्त "वर्षातून एकदाच" ह्या रकान्यात एक ओळ मोकळी सोडून पेन माझ्या हातात दिलं.