स्टोरीला उत्तर, मेसेजला नाही: ती ‘परीक्षा’ काय सिद्ध करते?

“स्टोरीला रिप्लाय देते पण मेसेजला नाही? म्हणजे तू तिच्यासाठी फक्त टाइमपास आहेस. 1) स्टोरी बघायला वेळ आहे, म्हणजे मेसेज मुद्दाम टाळलाय. 2) सीन दिसत नाही, म्हणजे लपवतेय. 3) परीक्षा घे: तीन दिवस एकही मेसेज करू नकोस, फक्त स्टोऱ्या टाक. तिने फक्त स्टोरीलाच उत्तर दिलं, तर नातं संपलं समज.”

हे माझ्या भाचीला तिच्या वर्गातल्या ग्रुपवर आलं आणि तिने ते खरं मानून पुण्यातल्या तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीशी बोलणं तोडलं. म्हणून लिहिते आहे.

आधी तिसरा मुद्दा, कारण नुकसान त्यानेच केलं. नीट वाचा. तीन दिवस मेसेज करायचा नाही. मग समोरची उत्तर कशाला देणार? समोर फक्त स्टोरी आहे, तर उत्तर स्टोरीलाच येणार. ती आपणहून मेसेज करणारी नसेल, तर या परीक्षेत ती नापासच होणार. स्टोरीलाही काही लिहिलं नाही, तर ‘बघ, आता तेही नाही’ म्हणायला आपण मोकळे. भाचीने तीन दिवसांत पाच स्टोऱ्या टाकल्या. मैत्रिणीने मिसळीच्या फोटोवर हसणारा इमोजी पाठवला आणि त्या एका इमोजीवर निकाल लागला.

प्रत्यक्षात काय झालं होतं? परीक्षेच्या आदल्या रात्री भाचीने लिहिलं होतं: “जूनपासून दोघींनी खोली घेऊ. डिपॉझिट 30 हजार, निम्मे तुझे. मालकांना शुक्रवारपर्यंत सांगायचंय. काय करू?” मैत्रिणीने ते नोटिफिकेशनमध्येच वाचलं, म्हणून सीन दिसलंच नाही. पंधरा हजार घरी मागायचा तिला धीर होत नव्हता आणि नाही म्हणायची लाज वाटत होती. उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिली. मिसळीच्या फोटोला मात्र काही ठरवावं लागत नव्हतं. स्टोरीखालच्या चौकटीत एक इमोजी दाबला की झालं, चॅट उघडावीही लागत नाही. तो इमोजी भाचीच्या चॅटमध्ये बरोबर त्या अनुत्तरित प्रश्नाखाली येऊन बसला. तिला ती थट्टा वाटली.

इमोजीवरून मन ओळखता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगते. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायला सांगितली, काहींना ईमेलने आणि काहींना आवाजात. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की शंभरातली सुमारे 78 वाक्यं बरोबर ओळखली जातील. आवाजात 73 ओळखली गेली, ईमेलवर फक्त 56. नाणं उडवलं तरी 50 बरोबर येतात. आणि वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखतोय याची खात्री होती. हा अभ्यास ईमेलचा आहे, इमोजीचा किंवा गप्प राहण्याचा नाही, हे मान्य. पण लिहिलेल्या पूर्ण वाक्याचा सूर जिथे इतका चुकतो, तिथे न लिहिलेल्या वाक्याचा अर्थ कुणी छातीठोकपणे सांगू नये.

पहिल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. स्टोऱ्या एकामागून एक आपोआप पुढे सरकतात. यादीत नाव दिसलं म्हणजे ती समोर आली, एवढंच. इमोजी आला, तर त्या क्षणी फोन हातात होता, एवढंच. इन्स्टाग्रामवर सीन दाखवणं बंदही करता येतं आणि असं करणारे सगळे काही लपवत नसतात.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. तिने उत्तर दिलं नाही, ही तिची चूकच. शुक्रवार उलटला आणि खोली दुसऱ्या कुणालातरी गेली. तारीख घातलेल्या थेट प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर आपलं नियोजन ‘नाही’ धरूनच करावं, कारण काहीही असो. आणि कुणी महिनोन्‌महिने फक्त फोटोंना प्रतिसाद देत असेल, प्रत्येक थेट प्रश्न सोडून देत असेल, तर त्या माणसाच्या भरवशावर काही ठरवू नये, हेही खरं. पण ‘याच्यावर विसंबता येत नाही’ आणि ‘याला मी नको आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वागण्यावरून कळतं. दुसरं विचारावं लागतं.

भाचीने शेवटी फोन केला, तोही मी मागे लागल्यावर, दहाव्या दिवशी. मैत्रीण पहिलंच वाक्य बोलली: “पैशांचं कसं सांगू तेच कळत नव्हतं गं.” आता दोघी कमी डिपॉझिटची खोली शोधताहेत.