१ जून आणि शाळेचं रजिस्टर : 'परखडबोल' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीनांचं वय आणि बालन्याय कायदा यावरच्या माझ्या मागच्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया:

"कायदा २०१६चा नाही, २०१५चा आहे. लिहिण्याआधी एवढं तरी तपासा. खून करून तीन वर्षांत घरी, याला न्याय म्हणायचं? आणि वयाचं काय सांगता, मास्तरला हाताशी धरून कोणीही कमी करून आणतं. सरळ हाडांची तपासणी करा. एसीत बसून लिहिणाऱ्यांना खेडं काय कळणार?" (परखडबोल)

परखडबोल महाशय,

सालाचं तुमचं बरोबर. कायदा २०१५चा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ला. दुरुस्ती केली आहे, आभार.

एसीचं मात्र हसू आलं. केजजवळच्या खेड्यात राहतो मी. कूलर आहे, पण त्यात ओतायला पाणी कुठून आणायचं? मतभेद असू द्या हो, पण स्वतःचं नाव न लावता दुसऱ्याच्या घरात डोकावायची ही कुठली रीत?

तीन वर्षांबद्दल एवढंच, की सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षा असलेला गुन्हा सोळा पूर्ण झालेल्यानं केला, तर बालन्याय मंडळ आधी त्याची प्राथमिक पडताळणी करतं आणि खटला प्रौढांसारखा चालू शकतो. खून त्यात येतो. हे मूळ लेखात होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आता मास्तर. तो मीच. जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. माझा स्वतःचा वाढदिवस कागदावर १ जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच होता. शाळा जूनमध्ये उघडते, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागत, आणि आईला तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. यात पोराचं वय कागदावर बहुधा वाढतं, कमी होत नाही. तुमचं गणित इथंच उलटं पडतं.

२०२२च्या जुलैत बांधाच्या भांडणात एका पोरानं चुलत्याच्या डोक्यात काठी घातली. खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ लागलं. शाळेत जन्मतारीख १ जून २००४, म्हणजे अठरा वर्षं आणि वर दीड महिना. गेला तुरुंगात, मोठ्यांच्या बराकीत. आई मात्र म्हणत राहिली, गणपती बसल्यावर तीन-चार दिवसांनी झालाय हा. बाळंतपण माहेरी झालेलं. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत २१ सप्टेंबर २००४ सापडलं. म्हणजे घटनेच्या दिवशी तो सतरा वर्षं दहा महिन्यांचा होता. कायदा वय मोजतो ते घटनेच्या दिवसाचं, अटकेच्या किंवा निकालाच्या नाही.

पण वय ठरवायची बालन्याय कायद्याच्या कलम ९४ची उतरंड अशी, की आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेची नोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडं. इथं शाळेचा कागद आडवा आला. म्हणून कोर्टानं मला मूळ रजिस्टरसह बोलावलं. नुसता प्रवेश निर्गम उतारा चालला नाही. विचारलं, ही तारीख कशावरून लिहिली? अक्षर माझंच होतं. म्हणालो, कशावरूनच नाही, अंदाजानं. भर कोर्टात हे सांगताना काय वाटतं, ते तुम्हाला कळायचं नाही. नोंदीला आधार नाही म्हणून कोर्टानं ती बाजूला ठेवली, ग्रामपंचायतीची धरली आणि प्रकरण मंडळाकडे पाठवलं. तिथं त्याला जामीन मिळाला, कारण बालकाला गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे न बघता जामीन देणं हा नियम आहे. नाकारायचा तर मंडळाला कारण लिहावं लागतं. तोवर सव्वा महिना गेला होता. त्या बराकीत तो काय शिकला ते मला त्यानं सांगितलं. इथं लिहिणार नाही.

हाडांचं म्हणाल, तर मनगट, कोपर, कंबर यांचे एक्स-रे काढून डॉक्टर लिहितात 'सतरा ते एकोणीस'. दोन वर्षं इकडंतिकडं होतातच. दोन महिन्यांचा प्रश्न त्यानं कसा सुटणार?

खोट्या तारखा कोणी लावतच नाही, असं मी म्हणत नाही. लावतात. म्हणूनच मूळ रजिस्टर, शाई, आधीची-नंतरची नोंद बघतात. पण उलटंही बघा. १९९४च्या पुण्यातल्या सात खुनांच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला एक जण त्या वेळी बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३मध्ये मान्य केलं, तेही राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून. अठ्ठावीस वर्षं आत होता तो. तिथं कोणत्या मास्तरला कोणी हाताशी धरलं होतं, सांगा बरं.

आमच्या पोराचं नाव मागच्या वेळीही दोघातिघांनी विचारलं. कलम ७४प्रमाणे ते छापता येत नाही, आणि येत असतं तरी मी छापलं नसतं.

तुमची कागदावरची जन्मतारीख काय, ते मात्र कळवा.