लोकस मिळाला, मग मागायचे काय?

“आत्या, आमच्या मूटमधला याचिकाकर्ता त्या वस्तीत राहतच नाही, त्याच्या नळाला पाणी येतं. मग त्याला लोकस आहे का? आणि माणशी किती लिटर, हे कोर्ट ठरवून देईल का?”

सोलापुरात कायदा शिकणाऱ्या भाचीचा हा प्रश्न मूटचा, म्हणजे सरावासाठीच्या लुटुपुटीच्या खटल्याचा आहे, आणि त्यातली जनहित याचिका एका वस्तीच्या पाण्यासाठी आहे. प्रश्नाचा पहिला भाग, लोकस म्हणजे न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार, हा सोपा आहे. जे गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे स्वतः न्यायालयाची पायरी चढू शकत नाहीत, त्यांच्यासाठी कोणीही प्रामाणिक नागरिक दाद मागू शकतो, हे १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालापासून मान्य आहे. २०१० च्या बलवंतसिंह चौफाल निकालाने मात्र याचिकाकर्त्याचा हेतू आणि विश्वासार्हता आधी तपासा, असे बजावले. म्हणून वस्तीतल्या लोकांच्या तक्रारी आणि महापालिकेला आधी दिलेले निवेदन सोबत जोडलेले बरे. आमचे थोरले बंधू या चर्चेत शिरले ते स्वतःच्या पाणीपट्टीचे बिल घेऊन. अशी खासगी तक्रार जनहिताच्या नावाने आली, तर न्यायालय खर्चही बसवू शकते.

भाचीचा मूटमधला जोडीदार म्हणतो, लोकस मिळाला की खटला जिंकलाच. मी राहते त्या जोहान्सबर्गमध्ये हे खरे ठरले नाही. येथील राज्यघटनेत पाण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे आणि जनहितासाठी कोणालाही न्यायालयात जाता येते. शिवाय सोवेटोतील फिरी भागाच्या माझिबुको खटल्यात बाधित रहिवासी स्वतःच उभे होते. महापालिका प्रत्येक जागेला महिन्याला ६,००० लिटर पाणी फुकट देत असे. आठ माणसांच्या घरात ते रोज माणशी २५ लिटर पडते. पण एकाच जागेवर वीस माणसे राहत असतील तर जेमतेम दहा. रहिवाशांनी ५० लिटर मागितले आणि ते उच्च न्यायालयाने मान्यही केले, त्यावरच्या अपील न्यायालयाने ते ४२ वर आणले, आणि २००९ मध्ये घटना न्यायालयाने आकडा ठरवणे हे आपले कामच नाही, धोरण वाजवी आहे की नाही एवढेच आपण पाहू, असे सांगून याचिका फेटाळली. तरीही खटला चालू असतानाच महापालिकेला आपले धोरण अनेकदा सुधारावे लागले, आणि मला तेच त्या खटल्याचे खरे फळ वाटते.

याउलट १९८० च्या रतलाम खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेची पैसे नसल्याची सबब ऐकली नाही. मुदत घालून शौचालये आणि गटारे बांधायला लावली. पण तेथे कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य होते आणि मागणी मोजता येण्याजोगी होती. म्हणून भाचीने लिटरचा आकडा मागण्याऐवजी, उजनीचे पाणी कोणत्या वस्तीला किती दिवसांआड मिळते याचा जाहीर तक्ता, जोडणीची मुदत आणि दर तीन महिन्यांनी महापालिकेचे प्रतिज्ञापत्र मागावे, असे माझे मत.

जिल्हा न्यायालयात मुरलेल्या माझ्या वकील मैत्रिणीला हे पटत नाही. उपलब्ध साधनांत जमेल तेवढेच करण्याची अट दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतली. आपल्या घटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या २१ व्या कलमात ती नाही. आकडाच नसेल तर महापालिका ‘योजना प्रगतिपथावर आहे’ एवढेच म्हणून दर तारखेला सुटेल, असे ती म्हणते. तिच्या म्हणण्यातले शेवटचे वाक्य मला खोडता आले नाही; आकडा निदान पर्यायी मागणी म्हणून ठेवावा, एवढ्यावर मी आले आहे, भाचीचे अजून ठरायचे आहे.