एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, काढण्याच्या कामाबद्दल आलेल्या तक्रारीला आमचे उत्तर

★☆☆☆☆ "कारचं लोन पूर्ण फेडलं, बँकेचं एनओसी हातात दिलं, तरी दोनदा परत पाठवलं. आता म्हणतात मुदत संपली, नवीन एनओसी आणा. आरसीवरून बँकेचं एक नाव खोडायला एवढं काय लागतं? ग्राहकाला फिरवायचा धंदा आहे."

नमस्कार साहेब,

तुमचा वैताग मला समजतो. शेवटचा हप्ता भरला की माणूस मनाने मोकळा होतो आणि मग एका कागदापायी पुन्हा बँकेच्या काउंटरला उभं राहणं नकोसं वाटतं. कागद दोनदा का परत आला हे इथेच सविस्तर सांगतो, कारण हीच अडचण घेऊन आमच्याकडे बरेच लोक येतात.

लोन बंद झालं की बँकेच्या खात्यात ते बंद होतं, पण आरटीओच्या नोंदीत ते आपोआप उतरत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा कर्ज फेडल्यावरही अर्ज करून कमी करून घ्यावा लागतो, तसंच हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मध्ये त्यासाठी दोन गोष्टी मागितल्या आहेत: करार संपल्याचा पुरावा आणि अर्ज. तो अर्ज म्हणजे फॉर्म 35. त्यावर गाडीमालक आणि बँक या दोघांच्याही सह्या लागतात आणि तो दोन प्रतींत द्यायचा असतो. एनओसी हा पुरावा झाला, अर्ज नव्हे. त्यामुळे बँकेतून पाकीट घेताना एनओसीबरोबर फॉर्म 35 आहे का, आणि दोन्ही प्रतींवर बँकेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही आहे का, हे काउंटरवरच बघून घ्यावं. काही बँका आता एनओसी थेट आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत ऑनलाइन पाठवतात. तुमच्या बँकेने कागदच दिला होता, त्यामुळे त्यातला शब्दन् शब्द तपासणं भाग होतं.

आता तुमचा कागद. एनओसीवर तारीख होती 6 जानेवारी आणि खाली मुदत छापलेली होती 90 दिवस, म्हणजे 6 एप्रिलपर्यंत. तुम्ही तो मार्चच्या मध्यावर आणलात. फॉर्म 35 व्यवस्थित होता, पण एनओसीवरच्या चासिस नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी O टाइप झाला होता. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण चासिस नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात I, O आणि Q ही तीन अक्षरं वापरलीच जात नाहीत, नेमकी 1 आणि 0 शी गल्लत होऊ नये म्हणून. त्यामुळे कोणत्याही कागदावरच्या चासिस नंबरात O दिसला तर तो चुकलेलाच आहे, हे गाडी न बघताही सांगता येतं. तुमच्या आरसीवर त्या जागी शून्य आहे. आम्ही तो कागद तसाच पुढे ढकलला असता तर छाननीत अर्ज थांबला असता, आणि तोवर मुदतीतले आणखी दिवस गेले असते. म्हणून पहिल्यांदा परत पाठवला.

बँकेने दुरुस्ती करून दिली, पण ती एप्रिल उजाडल्यावर, आणि पत्रावर तारीख जुनीच ठेवली, 6 जानेवारी. तुम्ही ते घेऊन आलात तेव्हा 90 दिवस उलटून गेले होते. दुसऱ्यांदा परत पाठवण्याचं कारण एवढंच. दुरुस्त पत्र घेताना त्यावर त्या दिवसाची तारीख मागून घ्यायची असते. तुम्हाला आम्ही दिलेल्या चिठ्ठीत ही ओळ लिहिलेली होती, पण काउंटरच्या गर्दीत असं राहून जातं, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही.

त्याच चिठ्ठीतली आणखी एक गोष्ट तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या अनेकांना लागू असेल. आरसीवर ज्या बँकेचं नाव आहे ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट 2020 मध्ये कॅनरात गेली. अशा वेळी नोंदीत जुनं नाव आणि एनओसीवर नवं नाव असा फरक पडतो. एनओसीतच 'पूर्वीची अमुक बँक' असा स्पष्ट उल्लेख करून घेतला तर पुढे प्रश्न येत नाही. गाडी कोणाच्या नावे तारण आहे ते parivahan.gov.in वर किंवा mParivahan ॲपमध्ये दिसतं. बँकेत जाण्याआधी ते नाव बघून घ्या.

तुम्ही विचारलं होतं की सगळं आम्हीच का करत नाही. पोर्टलवर Hypothecation Termination निवडून अर्ज भरणं, फी भरणं, कागद जमा करणं हे आम्ही करतो. पण त्या अर्जाचा ओटीपी गाडीमालकाच्या मोबाइलवर जातो. तुमच्या गाडीच्या नोंदीत शोरूमच्या सेल्समनचा नंबर पडलेला होता. गाडी घेताना घाईत असं सर्रास होतं आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तो नंबर बदलून तुमचा टाकून झालेला आहे, त्यामुळे ते काम आता पुन्हा करायचं नाही.

पैशांचंही स्पष्ट सांगतो. अर्ज अजून दाखल झालेला नाही, म्हणून सरकारी फी भरलेली नाही आणि आमची फी आम्ही घेतलेली नाही. सरकारी फीची पावती पोर्टलवरून तुमच्या गाडीच्या नंबरावर निघते, ती तुम्हाला देऊ. आमची फी बँकेचं नाव निघालेली आरसी तुम्ही बघितल्यावरच द्या.

आता करायचं ते एवढंच. बँकेला आजच्या तारखेचं एनओसी आणि सोबत नवीन फॉर्म 35 च्या दोन प्रती मागा. काउंटर सोडण्याआधी गाडी नंबर, चासिस आणि इंजिन नंबर आरसी शेजारी धरून एकेक अक्षर ताडून बघा. बँकेने टाळाटाळ केली तर त्यांच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मसुदा आम्ही मराठीत लिहून देऊ, त्याचे पैसे नाहीत. येताना मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅनची प्रत आणा. तुमचं पीयूसी या महिन्याअखेर संपतंय, ते आधी करून घ्या.

आरसीचं काम झाल्यावर विम्याकडे दुर्लक्ष करू नका. पॉलिसीवर बँकेचं नाव वेगळं नोंदलेलं असतं आणि आरसी बदलली म्हणून ते निघत नाही. उद्या गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यामुळे विमा कंपनी आधी बँकेचं पत्र मागते आणि लोन फिटलेलं असूनही क्लेम अडकून बसतो. नवीन आरसी आणि एनओसीची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवरून बँकेचं नाव काढल्याची नोंद, म्हणजे एंडॉर्समेंट, करून घ्या. तुमची पॉलिसी ऑगस्टपर्यंत आहे, तेव्हा नूतनीकरणाची वाट बघत बसू नका.

सोमवार ते शनिवार कधीही या. नवीन एनओसी हातात आलं की आधी त्याचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा. मी स्वतः वाचून कळवतो, म्हणजे चुकलेला कागद घेऊन तुम्हाला इथपर्यंत यावं लागणार नाही.